मुदतवाढीचं दावापत्र : 45 दिवस वाया गेले, तर 45 दिवस मागता येतात का?

उशीर झाला की कंत्राटदार बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. जेवढे दिवस अडचण होती तेवढे मोजतो, बेरीज करतो आणि तो आकडा पत्रात मागतो. मी पहिलं दावापत्र लिहिलं तेव्हा हेच केलं होतं. अडचणी खऱ्या होत्या, तारखा खऱ्या होत्या, तरी मागणी जवळजवळ पूर्ण फेटाळली गेली. नाकारण्याचं पत्र वाचताना मला राग आला होता. तेच पत्र काही वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, की दावा तपासणाऱ्या इंजिनिअरचं काही चुकलं नव्हतं. मी घडलेलं सगळं सांगितलं होतं, पण त्यामुळे काम पूर्ण होण्याची तारीख किती दिवसांनी पुढे गेली हे कुठेच दाखवलं नव्हतं.

मुदतवाढ अडचणीच्या दिवसांसाठी मिळत नाही. त्या अडचणीने पूर्णत्वाची तारीख जितकी ढकलली तितक्याच दिवसांसाठी ती मिळते. पत्रात हा फरक दाखवायचा कसा, हे एका उदाहरणातून सांगतो. करार फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 सालच्या लाल पुस्तकाप्रमाणे आहे असं धरू. नकाशे मालकाकडून येतात आणि कंत्राटदार बांधतो, अशा कामांसाठीचा हा नमुना आहे. तुमचा करार वेगळा असेल तर कलमांचे आकडे आणि दिवस बदलतील, पण पत्राची बांधणी हीच राहील. 2017 च्या आवृत्तीत मुदतवाढ कलम 8.5 मध्ये आणि दाव्याची पद्धत 20.2 मध्ये आहे. तिथे सविस्तर दाव्याला 42 ऐवजी 84 दिवस मिळतात, पहिल्या नोटिशीचे 28 दिवस मात्र तेच आहेत. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. विशेष अटींमध्ये ही कलमं बऱ्याचदा बदललेली असतात, म्हणून सर्वसाधारण अटी वाचून थांबू नका.

उदाहरणातलं काम

सहा मजली कार्यालयाची इमारत आहे, पूर्व आणि पश्चिम असे तिचे दोन भाग. काम सुरू होण्याची तारीख 1 फेब्रुवारी 2024, मुदत 420 दिवसांची, म्हणजे पूर्णत्वाची तारीख 27 मार्च 2025. पहिल्या सहा महिन्यांत तीन गोष्टी घडल्या.

पहिली, पूर्व भागाची जागा 1 मार्चला ताब्यात मिळायला हवी होती. ती 22 मार्चला मिळाली. 21 दिवस गेले.

दुसरी, दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबची सळईची ड्रॉइंग 1 जुलैपर्यंत हवी होती. ती 19 जुलैला आली. 18 दिवस गेले.

तिसरी, 14 ते 19 जुलै असा सहा दिवस धुवाधार पाऊस झाला आणि साइट बंद राहिली.

बेरीज 45 दिवस. आता यातले किती दिवस खरे हक्काचे आहेत ते पाहू.

पत्राआधीचं पत्र : 28 दिवसांची नोटीस

कलम 20.1 सांगतं, की घटना कंत्राटदाराला कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांच्या आत इंजिनिअरला दाव्याची नोटीस गेली पाहिजे. नाही गेली तर मुदतवाढ नाही आणि पैसेही नाहीत, असं ते कलम स्पष्ट शब्दांत म्हणतं. सविस्तर पत्र कितीही सुरेख लिहा, ही नोटीस नसेल तर ते पत्र पहिल्याच परिच्छेदात मरतं.

नोटीस छोटी असावी. तिच्यात दिवसांचा आकडा लागत नाही, पुरावे लागत नाहीत, रागही लागत नाही. काय घडलं, कधी घडलं, कोणत्या कलमाखाली हक्क राखून ठेवत आहोत आणि ही 20.1 खालची नोटीस आहे, एवढं पुरे. अनेक जण ‘नक्की किती दिवस जातात ते कळू दे, मग लिहू’ म्हणून थांबतात. जागा अजून मिळालेली नाही, मग उशीर किती हे कसं सांगायचं, असा त्यांचा प्रश्न असतो. सांगू नका. नोटीस द्या, आकडा सविस्तर पत्रात येईल.

28 दिवस नेमके कधीपासून मोजायचे यावर इंग्लंडच्या न्यायालयात 2014 साली निकाल झाला आहे. जिब्राल्टर विमानतळाच्या बोगद्याच्या कामातल्या त्या खटल्यात न्यायमूर्ती एकनहेड यांनी कलमाचा अर्थ कंत्राटदाराला सोयीचा लावला. उशीर होणार हे दिसलं तेव्हापासून किंवा उशीर प्रत्यक्ष होऊ लागला तेव्हापासून, असं दोन्ही त्यांनी चालवून घेतलं. हा निकाल माहीत असावा, पण त्याच्यावर विसंबून राहू नये. दुसरा न्यायाधीश किंवा लवाद कलम अक्षरशः वाचेल. मी नेहमी सर्वांत आधीच्या तारखेपासून मोजतो.

आपल्या उदाहरणात जागेची नोटीस 5 मार्चला गेली. जागा 1 मार्चला मिळाली नाही हे 2 मार्चला कळलं, म्हणजे शेवटचा दिवस 30 मार्च होता. ड्रॉइंगची नोटीस 4 जुलैला गेली, तिचा शेवटचा दिवस 30 जुलै होता.

ती कशी पाठवली हेही तपासा. कलम 1.3 प्रमाणे पत्र हाती देऊन पोच घ्यायची, किंवा टपाल-कुरिअरने पाठवायचं. ईमेल चालतो तो निविदेच्या परिशिष्टात इलेक्ट्रॉनिक पद्धत नमूद केली असेल तरच. मोबाइलवर ‘साहेब, जागा अजून नाही मिळाली’ असा मेसेज टाकला आणि त्यावर ‘बघतो’ असं उत्तर आलं, तर ती नोटीस होत नाही. साइटवरच्या बैठकीचं इतिवृत्तही नोटीस म्हणून धरलं जाईल, असं समजू नका.

ड्रॉइंगच्या उशिराला दोन नोटिसा लागतात

इथे फार जण अडकतात, म्हणून थोडं थांबतो. ड्रॉइंग उशिरा आलं म्हणून आपोआप हक्क तयार होत नाही. कलम 1.9 ची रचना अशी आहे, की कंत्राटदाराने आधी इंजिनिअरला लेखी कळवायचं : अमुक ड्रॉइंग हवं, ते का हवं, अमुक तारखेपर्यंत हवं, आणि नाही मिळालं तर साधारण किती उशीर होईल. मागितलेली तारीख वाजवी असली पाहिजे. त्या तारखेपर्यंत ड्रॉइंग आलं नाही आणि उशीर झाला, तर कंत्राटदाराने पुन्हा एक नोटीस द्यायची. मग 20.1 च्या अटी पाळून त्याला मुदतवाढ आणि खर्च अधिक वाजवी नफा मागता येतो.

म्हणजे पहिली नोटीस उशीर होण्याआधीची आणि दुसरी उशीर झाल्यावरची. आपल्या कंत्राटदाराने पहिली 10 जूनला दिली आणि 1 जुलैपर्यंत ड्रॉइंग मागितलं. 21 दिवस ही वाजवी मुदत आहे. त्याने 28 जूनला लिहून 1 जुलैला मागितलं असतं, तर इंजिनिअरने ‘तीन दिवसांत ड्रॉइंग कसं देणार?’ असं विचारलं असतं आणि ते बरोबर ठरलं असतं.

याच कलमात एक सापळा आहे. ड्रॉइंगचा उशीर कंत्राटदाराच्या स्वतःच्या चुकीमुळे झाला असेल, त्याने स्वतः द्यायची कागदपत्रं उशिरा दिली असतील, तर तेवढ्या प्रमाणात हक्क जातो. स्लॅबच्या ड्रॉइंगसाठी बऱ्याचदा इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगच्या स्लीव्हच्या जागा कंत्राटदाराकडून जायच्या असतात. म्हणून पत्र लिहिण्याआधी आपलं पाठवणी-रजिस्टर उघडा. आपल्या उदाहरणात स्लीव्हचा तपशील 20 मे पर्यंत द्यायचा होता आणि तो 17 मे ला पोचला होता. ही ओळ पत्रात आली पाहिजे, कारण इंजिनिअरचा पहिला बचाव तोच असतो.

दिवस मोजणं : पहिली घटना

आता हिशोब. पूर्व भागाचं खोदकाम 1 मार्चला सुरू व्हायचं होतं, ते 22 मार्चला झालं. पण मंजूर बार चार्टमध्ये त्या खोदकामाला 9 दिवसांचा फ्लोट होता. पश्चिम भागाचं काम आधी चालू होतं, आणि पूर्वेचं काम 9 दिवस मागे राहिलं असतं तरी इमारत 27 मार्च 2025 लाच पूर्ण झाली असती. म्हणून 21 मधले पहिले 9 दिवस फ्लोटने गिळले. पूर्णत्वाची तारीख ढकलली गेली ती उरलेल्या 12 दिवसांनी.

‘फ्लोट आमचा होता, तो मालकाने का खाल्ला?’ हा प्रश्न मला प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतो. भावना समजते. पण करारात फ्लोटच्या मालकीबद्दल काही लिहिलेलं नसेल, तर सामान्यतः तो कामाचा असतो आणि ज्याला आधी गरज पडते तो वापरतो. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या 2017 च्या मार्गदर्शक प्रोटोकॉलनेही हीच भूमिका घेतली आहे. 21 मागून नंतर 12 वर यायचं, यापेक्षा 12 मागून त्यातला प्रत्येक दिवस सिद्ध करणं मला जास्त जमलं आहे. 21 मागणाऱ्याचे नंतरचे आकडेही इंजिनिअर संशयाने वाचतो.

जागेचा सविस्तर दावा 9 एप्रिलला गेला. 42 दिवसांची मुदत 13 एप्रिलला संपत होती. इंजिनिअरने 17 मे ला 12 दिवस मंजूर केले, तेव्हा पूर्णत्वाची नवी तारीख 8 एप्रिल 2025 झाली आणि बार चार्ट त्याप्रमाणे सुधारला गेला.

इथे थांबून एक गोष्ट बघा. जागेचा दावा ड्रॉइंगच्या दाव्याची वाट बघत बसला नाही. सगळ्या घटना गोळा करून काम संपताना एकच भलंमोठं पत्र द्यायची सवय जाते तेव्हा निम्मी लढाई जिंकलेली असते. काम संपेपर्यंत प्रत्येक घटनेच्या मुदती उलटून गेलेल्या असतात आणि कोणत्या घटनेने किती दिवस गेले हे वेगळं काढता येत नाही. पुढच्या घटनेमुळे आधी मिळालेली मुदतवाढ कमी होईल अशी भीतीही नको. मुदतवाढीच्या कलम 8.4 प्रमाणे इंजिनिअर आधीचे निर्णय पुन्हा पाहून एकूण मुदतवाढ वाढवू शकतो, कमी करू शकत नाही.

दुसरी घटना : स्वतःचा उशीर लपवायचा नाही

सुधारलेल्या बार चार्टप्रमाणे दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर सळई बांधणं 8 जुलैला सुरू व्हायचं होतं. ड्रॉइंग 1 जुलैला मिळाल्यावर सळई कापायला आणि वाकवायला 7 दिवस धरले होते. प्रत्यक्षात ड्रॉइंग 19 जुलैला आलं, 7 दिवस सळईचं काम झालं आणि बांधणी 26 जुलैला सुरू झाली. 8 ते 26 म्हणजे 18 दिवस. स्लॅबला आता फ्लोट शून्य होता, म्हणजे तो क्रिटिकल पाथवर होता, त्यामुळे हे 18 दिवस सरळ पूर्णत्वाच्या तारखेवर जातात, असं वाटतं.

पण साइट डायरी आणखी एक गोष्ट सांगते. शटरिंगचं सामान जूनमध्ये कमी पडलं आणि स्लॅबचं सेंट्रिंग 8 जुलैऐवजी 13 जुलैला तयार झालं. हा उशीर कंत्राटदाराचा. जूनअखेरच्या प्रगती अहवालात तो दिसतच होता. म्हणजे ड्रॉइंग वेळेवर आलं असतं तरी सळई 13 जुलैच्या आधी चढली नसती. ड्रॉइंगमुळे जादा गेलेले दिवस 13 ते 26, म्हणजे 13.

या पाच दिवसांवर मतभेद होऊ शकतो. मालकाचा आणि कंत्राटदाराचा उशीर एकाच वेळी खरोखर चालू असेल तर कंत्राटदाराला वेळ मिळावी, पैसे मिळू नयेत, असा प्रोटोकॉलचा कल आहे, आणि 1999 च्या फिडिकमध्ये यावर स्वतंत्र कलम नाही. पण इथे शटरिंगचा उशीर ड्रॉइंगच्या उशिराआधीच कामात शिरलेला होता. 30 जूनच्या स्थितीवर बार चार्ट चालवला तर ड्रॉइंगची गोष्ट न घालताही तो 5 दिवस मागे दिसतो. त्यात ड्रॉइंगची घटना घातली की आणखी 13 दिवस वाढतात. मी 13 मागेन. आणि शटरिंगचे 5 दिवस पत्रात आपणहून लिहीन, कारण इंजिनिअरकडे तोच प्रगती अहवाल आहे. त्याने ते शोधून काढलं तर उरलेल्या तेरांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

तिसरी घटना : पाऊस

पावसासाठी 8.4 च्या (सी) मध्ये हक्क आहे, पण तो ‘अपवादात्मक प्रतिकूल’ हवामानासाठी. नेहमीचा पावसाळा कंत्राटदाराने बार चार्टमध्ये धरायचा असतो. तो पाऊस अपवादात्मक होता हे दाखवायला त्याच महिन्याच्या मागच्या बऱ्याच वर्षांच्या, शक्यतो दहा वर्षांच्या, नोंदी जवळच्या हवामान केंद्राकडून घ्याव्या लागतात.

पण आपल्या उदाहरणात त्या नोंदी मागवायचीही गरज नाही. 14 ते 19 जुलै या दिवसांत सेंट्रिंग तयार होतं आणि सगळं ड्रॉइंगसाठी थांबलेलं होतं. आकाश निरभ्र असतं तरी सळई चढली नसती. ते सहा दिवस आधीच ड्रॉइंगच्या दिवसांत मोजले गेले आहेत. पाऊस वेगळा मागणं म्हणजे तोच दिवस दोनदा मागणं. नोंद म्हणून त्याचा उल्लेख करावा, मागणी शून्य ठेवावी.

तर 45 चे झाले 25 : जागेचे 12 मिळालेले आणि ड्रॉइंगचे 13 मागायचे. हक्काची नवी तारीख 21 एप्रिल 2025 होते. कामाचा अंदाज मात्र 26 एप्रिल दाखवतो. मधले पाच दिवस शटरिंगचे आहेत. ते कंत्राटदाराने भरून काढायचे, नाहीतर त्यांचा उशिराचा दंड सोसायचा.

पत्र

आता प्रत्यक्ष पत्र. कराराची जी भाषा ठरली आहे त्याच भाषेत ते जाईल. इथे मराठीत देतो, म्हणजे प्रत्येक परिच्छेद तिथे का आहे हे कळेल. परिच्छेदांना क्रमांक द्या. इंजिनिअरला ‘परिच्छेद 6 मान्य नाही’ असं उत्तर देता आलं पाहिजे, म्हणजे वाद तेवढ्या परिच्छेदापुरता राहतो.

> दिनांक : 8 ऑगस्ट 2024
>
> प्रति, इंजिनिअर
> प्रत : मालक
>
> विषय : दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या ड्रॉइंगला झालेल्या उशिराबद्दल मुदतवाढीचा सविस्तर दावा. कलम 1.9, 8.4 (बी) आणि 20.1.
>
> महोदय,
>
> 1. आमच्या 4 जुलै 2024 च्या नोटिशीला अनुसरून, कलम 20.1 खाली हा सविस्तर दावा सादर करीत आहोत. आम्ही पूर्णत्वाच्या मुदतीत 13 दिवसांची वाढ मागतो. 17 मे 2024 च्या निर्णयानुसार सध्याची पूर्णत्वाची तारीख 8 एप्रिल 2025 आहे. ती 21 एप्रिल 2025 व्हावी.
>
> 2. कलम 1.9 खालील 10 जून 2024 च्या नोटिशीने आम्ही दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबची सळईची ड्रॉइंग 1 जुलै 2024 पर्यंत मागितली होती. ती न मिळाल्यास उशीर होण्याची शक्यता त्याच नोटिशीत कळवली होती (जोडपत्र 1).
>
> 3. या ड्रॉइंगसाठी आवश्यक स्लीव्हचा तपशील आम्ही 17 मे 2024 रोजी, म्हणजे ठरलेल्या 20 मे च्या आधी, सादर केला होता (जोडपत्र 2).
>
> 4. ड्रॉइंग आम्हांला 19 जुलै 2024 रोजी मिळाली. आवक रजिस्टरची नोंद आणि शिक्का जोडला आहे (जोडपत्र 3).
>
> 5. सळई कापून-वाकवायला 19 ते 26 जुलै असे 7 दिवस लागले. पहिल्या मजल्याच्या स्लॅबलाही तेवढेच दिवस लागले होते (जोडपत्र 4, सळईकामाची नोंदवही). स्लॅबवरील बांधणी 26 जुलै रोजी सुरू झाली.
>
> 6. स्लॅबची बांधणी सुधारित बार चार्टनुसार क्रिटिकल पाथवर आहे व तिचा फ्लोट शून्य आहे. 30 जून 2024 च्या स्थितीवर ही घटना घातली असता पूर्णत्व 13 दिवसांनी पुढे जाते (जोडपत्र 5, घटनेआधीचा व नंतरचा बार चार्ट).
>
> 7. आमचे सेंट्रिंग 8 ऐवजी 13 जुलै रोजी तयार झाले. त्या 5 दिवसांची आम्ही मागणी करीत नाही.
>
> 8. 14 ते 19 जुलै रोजी पावसामुळे साइट बंद होती. हा काळ वरील उशिरातच मोडत असल्याने त्याची वेगळी मागणी नाही.
>
> 9. थांबलेल्या काळात सळई बांधणाऱ्यांची टोळी जिन्याच्या व स्तंभांच्या कामावर वळवली. तिची रोजची हजेरी जोडपत्र 6 मध्ये आहे.
>
> 10. या उशिरामुळे झालेल्या खर्चाचा दावा कलम 1.9 खाली स्वतंत्र सादर करीत आहोत.
>
> 11. कलम 20.1 नुसार 42 दिवसांच्या आत, म्हणजे 19 सप्टेंबर 2024 पर्यंत, आपला निर्णय कळवावा ही विनंती.

पत्राची ताकद चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या परिच्छेदांत आहे. घटना घडली त्या तारखेपासून पूर्णत्वाच्या तारखेपर्यंतची साखळी ते जोडतात : ड्रॉइंग आलं, त्यानंतर सळई, त्यानंतर बांधणी, आणि बांधणी क्रिटिकल पाथवर. या साखळीत एक जरी दुवा सुटला, तरी वाचणारा तिथेच थांबतो. ‘ड्रॉइंग 18 दिवस उशिरा आलं, म्हणून 18 दिवस’ या वाक्यात मधले सगळे दुवे गायब असतात.

पाचव्या परिच्छेदातले 7 दिवस बघा. सळईकामाचे दिवस वाढवून दाखवायचा मोह होतो, म्हणून इंजिनिअर तिथे हमखास बोट ठेवतो. पहिल्या स्लॅबचा स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून दिला की तो प्रश्न मिटतो. ज्या साइटवर सळईकामाची नोंदवही रोज भरली जाते, तिथेच हे शक्य होतं.

नववा परिच्छेद अनेक जण विसरतात. उशीर दुसऱ्याने केला तरी नुकसान कमी करायचा वाजवी प्रयत्न कंत्राटदाराने केला पाहिजे. टोळी रिकामी बसवली नाही, हे हजेरीपटावरून दिसलं पाहिजे.

सहाव्या परिच्छेदामागचं काम

तो एका वाक्याचा परिच्छेद लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पद्धत अशी : घटनेच्या लगेच आधीच्या तारखेला, म्हणजे इथे 30 जूनला, साइटवर खरोखर किती काम झालं होतं ते बार चार्टमध्ये भरा आणि त्याची प्रत राखून ठेवा. पूर्णत्वाची तारीख टिपून घ्या. इथे ती 13 एप्रिल आली, कारण शटरिंग 5 दिवस मागे होतं. मग त्याच चार्टमध्ये फक्त एक बदल करा : ड्रॉइंग मिळण्याची तारीख 1 ऐवजी 19 जुलै. पुन्हा चालवा. आता तारीख 26 एप्रिल येते. दोन्हींमधला फरक 13 दिवस. पत्रासोबत दोन्ही चार्ट द्या, आणि त्यात काय बदललं ते एका ओळीत लिहा.

हे जमत नाही ते बहुतेक एकाच कारणाने. चार्ट महिन्यामहिन्याला अद्ययावत केलेला नसतो. मग ऑगस्टमध्ये बसून जूनअखेरची स्थिती आठवणीने भरावी लागते, आणि ती कुणीच मानत नाही. कलम 8.3 प्रमाणे प्रत्यक्ष प्रगती चार्टशी जुळत नसेल तेव्हा सुधारित चार्ट द्यायचा असतो. आणि 4.21 खाली दरमहा प्रगती अहवालही द्यायचा असतो. ही कामं कंटाळवाणी वाटतात. पण दावा लिहायच्या वेळी तेच कागद तुमच्या बाजूने बोलतात, कारण ते उशीर होण्याआधी लिहिलेले असतात.

आणखी एक खूण सांगतो. चार्ट चालवल्यावर बरोबर घटनेएवढेच दिवस पुढे गेले, तर संशय घ्या. कुणीतरी चार्टमधली कामं एकामागे एक अशी घट्ट बांधून ठेवली असतील, किंवा तारखा हाताने गोठवल्या असतील, आणि चार्ट फ्लोट दाखवतच नसेल. इंजिनिअरचा नियोजनतज्ज्ञ हे मिनिटात ओळखतो.

पत्र गेल्यानंतर

इंजिनिअरने 42 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाकारलं तर का नाकारलं हे सविस्तर लिहून द्यायचं असतं. तो आणखी कागद मागू शकतो, पण दाव्याच्या तत्त्वाबद्दलचं उत्तर त्याच मुदतीत दिलं पाहिजे. त्यानंतर कलम 3.5 प्रमाणे दोन्ही पक्षांशी बोलून तो निर्णय देतो. मुदत संपूनही काहीच आलं नाही, तर 20 सप्टेंबरला दोन ओळींचं स्मरणपत्र द्या, आणि त्यात फक्त दाव्याची तारीख व उलटून गेलेली मुदत लिहा. निर्णय पटला नाही, तर कलम 20.4 खाली वाद निवारण मंडळाकडे जाता येतं. तिथे नेण्यासाठी तुमच्याकडे हेच अकरा परिच्छेद आणि सहा जोडपत्रं असतील, म्हणून त्यांच्या मूळ प्रती, पोच आणि कुरिअरच्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने आजच लावून ठेवा.

घटना संपलेली नसेल, जागा अजूनही मिळालेली नसेल किंवा ड्रॉइंग अजून आलंच नसेल, तर सविस्तर पत्र अंतरिम समजलं जातं. मग दर महिन्याला साचलेले दिवस कळवत राहायचे, आणि परिणाम संपल्यावर 28 दिवसांच्या आत शेवटचा दावा द्यायचा. मधला एखादा महिना चुकवू नका. 5 मार्च ते 22 मार्च या काळात आपल्या कंत्राटदाराने दर सोमवारी ‘पूर्व भागाची जागा आजही मिळालेली नाही’ एवढंच साइट डायरीत लिहून इंजिनिअरच्या प्रतिनिधीची सही घेतली होती. 12 दिवस मंजूर झाले तेव्हा इंजिनिअरच्या निर्णयपत्रात त्या सह्यांचा उल्लेख होता.